रिसेप्शनच्या फोटोतले उन्हानं भाजलेले खांदे

प्रश्न: दादा, मे महिन्यातलं एक लग्न शूट केलं. हळद सकाळी काटोल रोडच्या फार्महाउसवर उघड्यावर झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनला नवरी आणि करवली दोघींनी ऑफ-शोल्डर गाऊन घातले, तर खांदे लालबुंद आणि त्यावर हळदीच्या ब्लाउजच्या पट्ट्यांचे फिकट पट्टे. लाल रंगाचं सॅच्युरेशन कमी केलं की स्किन राखेसारखी दिसते, स्मूदिंग केलं की प्लास्टिकसारखी. नैसर्गिक ठेवून लाली कशी कमी करायची?

उत्तर:

सॅच्युरेशन परत शून्यावर आणा आणि स्मूदिंग काढून टाका. या कामात दोन्हींचा उपयोग जवळपास नाही. काम करायचं ते हिरव्या चॅनेलमध्ये. ते का, हे आधी सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला वाट सापडेल.

ऊन लागल्यावर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि तिथे रक्त जास्त येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, लाल प्रकाश मात्र जवळपास तसाच परत पाठवतं. म्हणजे फोटोतला भाजलेला खांदा लाल दिसतो तो लाल रंग वाढला म्हणून नव्हे, हिरवा आणि निळा कमी झाला म्हणून. फोटोशॉपमध्ये Channels पॅनेल उघडून एकेका चॅनेलवर क्लिक करून पाहा. Red चॅनेलमध्ये खांदा बऱ्यापैकी साफ दिसेल, Green मध्ये तोच खांदा डागाळलेला आणि काळपट. तुम्ही सॅच्युरेशन कमी करता तेव्हा चांगला असलेला लाल चॅनेल खाली ओढला जातो. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेची ऊबच त्या लाल चॅनेलमध्ये असते. ती गेली की राख उरते. नवरीच्या मावशीनं अल्बम पाहून "खांदे असे मेल्यासारखे काहून दिसून राहिले?" असं विचारलं तर समजायचं की एडिटरनं सॅच्युरेशन ओढलं आहे.

याच चॅनेलवरून दुसरी गोष्टही कळते, ती म्हणजे खांद्यावर लाली किती आणि काळवंडणं किती. काळवंडणं मेलॅनिनमुळे होतं आणि मेलॅनिन तिन्ही चॅनेल गडद करतं, निळा सगळ्यात जास्त, पण लालही. तेव्हा Red चॅनेलमध्येसुद्धा पट्टीची रेघ दिसत असेल तर तेवढा भाग टॅनचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दोन-तीन तास उघड्यावर हळद चालली तर दोन्ही एकदम मिळतात. त्यांचा इलाज मात्र एक नाही. लालीला हिरवा चॅनेल उचलायचा असतो, टॅनला थोडा उजेड द्यायचा असतो, आणि टॅनला हात लावायचा की नाही हा प्रश्नही वेगळा आहे. त्यावर पुढे बोलतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. रिसेप्शनच्या स्टेजवर दिसणारी सगळी लाली उन्हाची नसते. मागे मरून पडदा असतो, बाजूला गुलाबी-जांभळे एलईडी पार लावलेले असतात, शेजारी लाल शेरवानीतला नवरदेव उभा असतो. हे सगळे खांद्यावर रंग टाकतात. ओळखायचं कसं? त्याच बाजूचे केस, गाऊनची कड आणि मोत्याचा हार पाहा. त्यांच्यावरही गुलाबी झाक असेल तर तो प्रकाश आहे, त्वचा नव्हे, आणि तो तसाच सोडलेला बरा. खांदा लाल आणि शेजारचा मोती पांढरा असेल तर ऊन. अजून एक खूण म्हणजे वेळ. उन्हाची खरी लाली लगेच येत नाही, काही तासांनी चढते आणि साधारण १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त दिसते. म्हणून तुमच्या हळदीच्या फोटोंत खांदे ठीक असतील आणि रिसेप्शनला भडकलेले. हळदीच्या ऐन वेळी दिसणारी लाली बहुतेक उष्म्याची असते. ती चेहऱ्यावर, गळ्यावर सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि तिला पट्टीची रेघ नसते. त्या फोटोंना काही करू नका.

आता खांदा कुठल्या रंगावर आणायचा? इथे बहुतेक जण चेहऱ्याकडे बघतात, आणि तिथेच गाडी घसरते. रिसेप्शनला चेहऱ्यावर मेकअपचा बेस असतो, तोही सहसा मूळ रंगापेक्षा एक-दोन शेड उजळ. खांदा त्या चेहऱ्याला जुळवला तर बाईला खोटी त्वचा चढवल्यासारखं दिसतं. दंडाची आतली बाजूही पूर्ण खरी नाही, कारण तिथे ऊन कधी लागतच नाही, ती बारा महिने उजळ असते. माझा आधार असतो मेकअप संपतो त्याखालचा गळा, किंवा दंडाचा खालचा भाग जिथे लाली नाही आणि प्रकाश खांद्यावर पडतो तसाच पडतो. प्रकाश सारखा असणं महत्त्वाचं. सावलीतल्या गळ्यावरून उजेडातल्या खांद्याचा रंग घेतला तर आकडे काहीही सांगतील. नवरीच्या बाबतीत हळदीचा पिवळेपणाही बघा. दुसऱ्या दिवशीसुद्धा गळ्याच्या वळ्यांत आणि कोपरात हळद राहिलेली असते, तिथला रंग आधार म्हणून चालत नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. करवलीचा कमरेपर्यंतचा फोटो, स्टेजवर, सॉफ्टबॉक्समधला फ्लॅश, एसआरजीबी फाइल. फोटोशॉपच्या Info पॅनेलमध्ये आठ बिटचे आकडे ठेवले आणि Color Sampler Tool नं तीन ठिकाणी ठिपके टाकले. ठिपक्याची Sample Size किमान 11 by 11 Average ठेवा, नाहीतर एखाद्या रोमछिद्राचा आकडा हाती येतो. मेकअपखालचा गळा आला लाल १७८, हिरवा १२८, निळा ९६. भाजलेला खांदा १७४, १०२, ८१. पट्टीखालची न भाजलेली रेघ १९२, १४६, ११३.

गळा आणि खांदा शेजारी ठेवून वाचा. लालमध्ये फरक फक्त ४ चा, हिरव्यात २६ चा आणि निळ्यात १५ चा. सगळा गोंधळ हिरव्यात आहे आणि त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त निळ्यात. मग खांद्याच्या भागासाठी Curves ची अॅडजस्टमेंट लेयर घेतली, RGB ला आणि Red ला हात लावला नाही. Green मध्ये १०२ चा बिंदू ११७ वर नेला, Blue मध्ये ८१ चा ९० वर. बस. गळ्याच्या १२८ पर्यंत मुद्दाम नेलं नाही. निम्म्याहून थोडी जास्त लाली काढली, बाकीची ठेवली. उन्हाळ्यातल्या लग्नात, दिवसभर धावपळ केलेल्या माणसाच्या खांद्यावर थोडी लाली असतेच. ती शून्य केली की शेजारच्या चार माणसांत ही एकटी वेगळी दिसू लागते.

वक्राच्या दोन्ही टोकांना खुंटी मारायला विसरू नका. Green मध्ये ४० चा बिंदू ४० वरच पक्का करा आणि २२० चा २२० वर. खालची खुंटी नसेल तर काखेजवळची आणि गळपट्टीच्या हाडाखालची सावली हिरवट होते, आजारी माणसासारखी. वरची नसेल तर घामाच्या चमकेवर हिरवी झाक येते. फ्लॅशमध्ये घामाची चमक जवळपास पांढरी असते आणि तिथे आधीच लाली नसते, तेव्हा तिथे सुधारण्यासारखं काही नाही.

वक्रानं रंग बदलतो, पण रोमछिद्रं, लव, त्वचेची जाळी सगळी जागेवर राहते, कारण शेजारशेजारचे पिक्सेल आपापसातला फरक ठेवूनच वर सरकतात. म्हणूनच इथे ब्लर किंवा स्मूदिंगची गरज पडत नाही. प्लास्टिकपणा येतो तो लालीचे ठिपके घालवण्यासाठी ब्लर वापरल्यामुळे. ठिपके हा रंगाचा दोष आहे, पोताचा नाही.

मास्कचं बोलू. लाली खांद्याच्या वरच्या गोलाव्यावर सगळ्यात जास्त असते आणि दंडाकडे हळूहळू विरते. तिथे मोठा, अगदी मऊ ब्रश, Flow १० च्या आसपास ठेवून, दोन-तीन हात फिरवा. पट्टीच्या कडेला मात्र लाली एकदम थांबते, तिथे मऊ ब्रश चालत नाही. मऊ ब्रशनं रेघेवरही सुधारणा सांडते, आधीच फिकट असलेली रेघ आणखी फिकट आणि हिरवट होते. फोटो १०० टक्क्यांवर आणा, रेघेची कड किती पिक्सेलमध्ये बदलते ते बघा आणि मास्कची कड तेवढीच मऊ ठेवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आता ती रेघ. बघणाऱ्याचा डोळा लालीवर अडत नाही, रेघेवर अडतो. लाली तशीच ठेवून रेघ तेवढी बुजवली तरी अर्धी तक्रार मिटते. म्हणून खांद्यानंतर रेघेसाठी वेगळी Curves लेयर आणि वेगळा मास्क. उदाहरणात रेघेचा लाल १९२ आहे आणि खांद्याचा १७४. लालमधला हा १८ चा फरक टॅनचा आहे. इथे दोन वाटा आहेत, खांदा उजळवून रेघेपर्यंत न्यायचा किंवा रेघ गडद करून खांद्यापर्यंत आणायची. मी दुसरी धरतो. रेघेचे तिन्ही चॅनेल खाली आणून साधारण १८०, १२४, ९५ च्या आसपास ठेवले, म्हणजे ती गळ्याच्या रंगाजवळ आली आणि सुधारलेल्या खांद्यापेक्षा जराशीच फिकट राहिली. खांदा उजळवत गेलात की हात, कोपर, बोटं सगळं मागे राहतं आणि मग एकेक करून तेही उजळवत बसावं लागतं. शेवटी तुम्ही लाली काढत नसता, माणूस गोरा करत असता. आपल्याकडे "जरा उजळ करून द्या ना" अशी मागणी येतेच. ते काम वेगळं, त्याबद्दल बोलणं वेगळं, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर मी ते करत नाही. टॅनला मी एवढाच हात लावतो, कड मोडेपर्यंत.

रेघ गेली का हे तपासायला सगळ्या लेयरच्या वर तात्पुरती Black & White लेयर टाका. काळ्या-पांढऱ्यात रेघ दिसत असेल तर उजेडाचा फरक राहिला आहे. तिथे दिसत नाही पण रंगीत फोटोत दिसते, तर फक्त रंगाचा. रंगाचा फरक राहिला असेल तर एक कोरी लेयर घ्या, Blend Mode मध्ये Color ठेवा, शेजारच्या सुधारलेल्या खांद्याचा रंग उचला आणि Flow ५ वर हलका ब्रश फिरवा. पोत हलत नाही.

हे झालं निवडक, अल्बमच्या मोठ्या पानावर जाणाऱ्या फोटोंचं. उरलेल्या शेकडो फोटोंना एवढा वेळ कोण देणार? त्यांच्यासाठी लाइटरूम क्लासिक. आधी व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर ठीक करा, कारण चुकीच्या व्हाइट बॅलन्सवर लाली मोजणं म्हणजे वांझोटं काम. मग मास्किंगमध्ये माणूस निवडून Body Skin घ्या, म्हणजे चेहरा बाहेर राहतो आणि मेकअपला धक्का लागत नाही. त्या मास्कच्या आत Point Color उघडून ड्रॉपरनं खांद्याचा सगळ्यात लाल भाग उचला. Visualize Range वर टिक करा आणि Range एवढी अरुंद करा की फक्त भाजलेला भाग रंगीत राहील. मग आधी Hue Shift उजवीकडे, म्हणजे नारिंगीकडे, थोडा-थोडा. नंतर Lum. Shift थोडा वर. Sat. Shift ला सगळ्यात शेवटी आणि अगदी कमी हात, बहुतेक वेळा लागतच नाही. कोणाला वक्र सोयीचा वाटत असेल तर मास्कच्या आत Curve मध्येही हिरवा चॅनेल मिळतो, वर सांगितलेलीच रीत तिथे चालते. कॅप्चर वन वापरणाऱ्यांनी Color Editor मधला Skin Tone टॅब घ्यावा आणि Uniformity मधला Hue जास्त, Lightness बेताचा, Saturation नाममात्र ठेवावा.

मास्कशिवाय, पूर्ण फोटोवर लाल रंगाचा स्लायडर फिरवू नका. कुंकू, ओठ, शालू, सगळे त्याच रंगात बसतात.

आणि मेहंदी! Body Skin मध्ये मेहंदी त्वचेतच धरली जाते, आणि चढलेल्या मेहंदीचा तांबूस-तपकिरी रंग भाजलेल्या खांद्याच्या अगदी शेजारी पडतो. Range कितीही अरुंद केली तरी ती थोडी सापडतेच. दुसऱ्या दिवशी मेहंदी ऐन रंगात असते आणि तुम्ही ती फिकट नारिंगी करून ठेवता. खांद्याला डोळे लावून बसलेल्या एडिटरला ते दिसत नाही, नवरीला पहिल्या नजरेत दिसतं. मास्कमध्ये Subtract घेऊन कोपराखालचा सगळा हात ब्रशनं काढून टाका. लाली तिथे बहुधा नसतेच.

सेटिंग पुढच्या फोटोंवर सिंक करताना प्रकाशाप्रमाणे गट पाडा. Point Color नं उचललेला रंग हा त्या एका प्रकाशातला असतो. स्टेजवरच्या फ्लॅशमध्ये उचललेला रंग लॉनवरच्या पिवळ्या झुंबराखाली भलतंच काही पकडतो. स्टेज, लॉन, जेवणाचा मांडव असे गट करून प्रत्येक गटात एकदा नव्यानं उचला. ग्रुप फोटो मात्र एकेक उघडून बघा, सिंक झालेला मास्क करवलीऐवजी शेजारच्या काकूंवर बसलेला असू शकतो.

खांद्यावर दोन गोष्टी तशाच राहू द्या. तीळ आणि डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. सोललेल्या त्वचेचे पांढरे पापुद्रे मात्र Healing Brush नं काढले तर चालतात, ते आठवड्याभरात आपोआप जाणारच असतात. पापुद्र्याइतकाच लहान ब्रश, आणि नमुना अगदी शेजारून. फोड आले असतील किंवा लाली उन्हाची वाटतच नसेल, एखादं पुरळ किंवा जन्मखूण वाटत असेल, तर आधी विचारा. जन्मखूण पुसून दिलेला फोटो कोणाला आवडेलच असं नाही.

मर्यादा जेपीईजीची. रॉ नसेल आणि फ्लॅशमध्ये खांद्याचा लाल २५५ ला टेकला असेल तर तिथे पोत उरलेलाच नसतो. हिरवा कितीही उचला, सपाट नारिंगी ठिगळ मिळतं. जेपीईजीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ साठवलेली असते, त्यामुळे जोराचा बदल केला की खांद्यावर चौकोनी ठिपके दिसू लागतात. तिथे मी उदाहरणातल्या निम्म्यावर थांबतो, हिरवा सात-आठ आणि निळा चार, आणि बाकी मेहनत रेघेवर घेतो. पुढच्या वेळी अशा लग्नात रॉ काढा आणि हिस्टोग्राममध्ये लाल चॅनेल वेगळा बघून एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉप खाली ठेवा.

काम झालं की फोटो स्क्रीनवर पूर्ण मावेल एवढा लहान करून पाच मिनिटं उठून जा. खूप वेळ लाल खांद्याकडे बघितलं की लक्ष तिथेच अडकतं आणि थोडी लालीही जास्त वाटू लागते, मग हात वाढतच जातो. परत आल्यावर पहिली नजर चेहऱ्यावर पडली तर झालं. खांद्यावर पडली तर लेयरची Opacity ७० वर आणून बघा, बहुतेक वेळा जास्तच झालेलं असतं. मॉनिटरचा नाइट मोड बंद आहे ना, तेही याच वेळी तपासा, पिवळ्या स्क्रीनवर लाली कमी झाली की वाढली ते कळत नाही. अल्बमच्या १२ बाय ३६ च्या पानावर जाणाऱ्या फोटोची आधी लॅबमधून एक छोटी प्रिंट मागवा आणि ती दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. प्रिंटमध्ये खांदा हिरवट वाटला तर आधी निळा वक्र दोन-तीननं वर घ्या, हिरवा लगेच खाली आणू नका. बऱ्याचदा त्यात हिरवा जास्त नसतो, पिवळा जास्त असतो.